खोटा संगणक ओळखणारी आज्ञा

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायचा असला की मराठीत काम करणाऱ्या माणसाला कधी ना कधी एखादी अनोळखी `.exe` फाइल उतरवून घ्यावी लागते. बनवणाऱ्याचा पत्ता नसतो, डिजिटल सही नसते आणि विंडोज पाटी लावून अडवतं. मग एखादा जाणकार मित्र सांगतो, "आधी व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवून बघ. काही झालं नाही तर घे बिनधास्त." सल्ल्याचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. गोम आहे ती दुसऱ्या भागात, आणि ती कळायला बरंच मागं जावं लागतं.

व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे खऱ्या संगणकाच्या आत चालणाऱ्या खोट्या संगणकाचा, जन्म संशयातून झाला नाही, टंचाईतून झाला. 1967च्या जानेवारीत आयबीएमच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या केंद्रात सीपी-40 नावाची प्रणाली कामाला लागली. तिनं एका संगणकाचे 14 आभासी संगणक केले. प्रत्येक वापरणाऱ्याला वाटावं की अख्खं यंत्र आपलंच आहे. एकाचा प्रोग्रॅम कोसळला तर शेजाऱ्याला झळ लागत नसे, पण ही भिंत बेशिस्त शेजाऱ्यासाठी होती, चोरासाठी नव्हे. आतल्या माणसाला आपण आभासी यंत्रावर आहोत हे कळलं तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं.

युक्ती अशी होती. आतला प्रोग्रॅम खऱ्या प्रोसेसरवरच चालतो. तो साधी बेरीज-वजाबाकी करतोय तोवर त्याला कुणी अडवत नाही. ऑपरेटिंग सिस्टीमसाठी राखून ठेवलेली एखादी आज्ञा त्यानं दिली की प्रोसेसर थबकतो आणि कारभार पहारेकऱ्याच्या, म्हणजे हायपरवायझरच्या, हाती देतो. पहारेकरी खोट्या संगणकाला शोभेल असं उत्तर तयार करून परत पाठवतो. 1974 मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी यासाठीची अट नेमकी मांडली: यंत्राची खरी अवस्था बदलणारी किंवा उघड करणारी प्रत्येक आज्ञा पहारेकऱ्यापाशी थांबलीच पाहिजे. एक जरी निसटली तरी सोंग उघडं पडतं.

घराघरांत पोचलेल्या इंटेल वंशाच्या प्रोसेसरनी ही अट पाळली नव्हती. 2000 साली जॉन रॉबिन आणि सिंथिया अर्व्हाइन यांनी पेंटियमच्या आज्ञा एकेक करून तपासल्या, तेव्हा अशा निसटणाऱ्या 17 आज्ञा सापडल्या. त्यातली एक `SIDT`. प्रोसेसरला कीबोर्डची कळ दाबली गेली, घड्याळाचा ठोका पडला असं काही कळलं की पुढं कुठं जायचं, याचा एक तक्ता मेमरीत असतो. तो तक्ता कुठं ठेवलाय एवढंच `SIDT` सांगते. तक्ता बदलण्याची आज्ञा राखीव, पण त्याचा पत्ता विचारायची मुभा सगळ्यांना. त्या काळी यात कुणाला वावगं वाटलं नसावं.

व्हीएमवेअर कंपनीनं 1999 मध्ये याच प्रोसेसरवर व्हर्च्युअल मशीन चालवून दाखवलं, ते वळसा घेऊन. आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा कोड चालता चालता बदलून घ्यायचा आणि निसटणाऱ्या आज्ञांच्या जागी आपल्या आज्ञा बसवायच्या. मात्र साध्या प्रोग्रॅमचा कोड वेगासाठी जसाच्या तसा प्रोसेसरवर सोडलेला असे.

नेमकी तिथंच फट राहिली. नोव्हेंबर 2004 मध्ये पोलंडच्या सुरक्षा-संशोधक जोआना रुटकोव्स्का यांनी 'रेड पिल' नावाचा इवलासा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तो `SIDT` चालवतो आणि मिळालेल्या पत्त्याचा सगळ्यात वरचा बाइट पाहतो. तो `d0`पेक्षा मोठा असला की यंत्र खोटं:

```c
return (m[5] > 0xd0) ? 1 : 0;
```

खऱ्या यंत्रावर विंडोजचा तो तक्ता `80`नं सुरू होणाऱ्या पत्त्यावर असे, लिनक्सचा `c0`नं. व्हीएमवेअरच्या आत मात्र `ff` दिसे. कारण प्रोसेसरमध्ये त्या क्षणी पहारेकऱ्याचा स्वतःचा तक्ता लावलेला असे, त्याला मेमरीत अगदी वरची जागा दिलेली असे, आणि `SIDT` त्याला न विचारताच खरं बोलून जाई. ना विशेष परवानगी, ना फाइल उघडणं. एका आज्ञेत निकाल. आणि यंत्र खोटं आहे हे ओळखलेला व्हायरस तिथं गप्प बसू शकतो.

इंटेलनं 2005 मध्ये आणि एएमडीनं 2006 मध्ये प्रोसेसरमध्येच व्हर्च्युअल मशीनसाठी सोय केली. त्यानंतर आतल्याला स्वतःचाच तक्ता दिसू लागला आणि रेड पिल निकामी झाली. पण ओळखायच्या खुणा काही संपल्या नाहीत. व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या आभासी नेटवर्क कार्डाचा पत्ता सहसा `08:00:27`नं सुरू होतो. मेमरी जेमतेम असते, अलीकडं उघडलेल्या फाइली नसतात, माउस हलत नाही. आणि काही प्रोग्रॅम तर काहीच तपासत नाहीत, नुसते पडून राहतात, कारण माणूस दहा मिनिटं पाहून खिडकी बंद करणार हे त्यांच्या कर्त्याला ठाऊक असतं. म्हणून "आत काही झालं नाही" याचा अर्थ एवढाच, की तेवढ्या वेळात, त्या जागी, काही दिसलं नाही.

(उलट बाजूही सांगायला हवी. आज कित्येक सर्व्हर व्हर्च्युअल मशीनच असतात, त्यामुळं खोटा संगणक दिसताच गप्प बसणारा व्हायरस स्वतःचंच गिऱ्हाईक घालवतो.)

भिंत फोडून बाहेर येणं हा वेगळा प्रकार, आणि तो फार अवघड. तरी घडू शकतो. 2015 मध्ये उघड झालेला 'व्हेनम' दोष क्यूईएमयू या तशाच प्रोग्रॅमच्या आभासी फ्लॉपी ड्राइव्हच्या कोडमध्ये होता. 2004 पासून तो तिथं होता. फ्लॉपी कुणी वापरत नव्हतं म्हणूनच तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं, असं मला वाटतं.

2019 मध्ये विंडोज 10च्या प्रो आणि एंटरप्राइझ आवृत्त्यांत विंडोज सँडबॉक्स नावाचं तयार व्हर्च्युअल मशीन आलं. खिडकी उघडली की कोरं विंडोज, बंद केली की आतलं सगळं पुसलं. फॉन्टवाल्या त्या फाइलसाठी मी सँडबॉक्सला सूचना देणारी ही पाच-सात ओळींची `.wsb` फाइल वापरली:

```xml
<Configuration>
  <Networking>Disable</Networking>
  <MappedFolders><MappedFolder>
    <HostFolder>C:\Tapas</HostFolder>
    <ReadOnly>true</ReadOnly>
  </MappedFolder></MappedFolders>
</Configuration>
```

`Networking`ची ओळ महत्त्वाची, कारण काही न सांगता उघडलात तर इंटरनेट चालू असतं, आणि आतला प्रोग्रॅम त्यावरून घरातल्या नेटवर्कवरही डोकावू शकतो. फोल्डर फक्त वाचण्यापुरता दिला. प्रोग्रॅम चालवण्याआधी आणि नंतर एक गोष्ट पाहिली, की संगणक सुरू होताना आपोआप चालणाऱ्यांच्या यादीत त्यानं नाव घातलं का:

```
reg query HKCU\Software\Microsoft\Windows\CurrentVersion\Run
```

नाव घातलं होतं. फॉन्ट बदलणाऱ्याला रोज सकाळी उठून काय काम, ते मला सुचेना. लबाडी असेल किंवा नुसता आगाऊपणा, एवढ्यावरून ठरवता येत नाही.

मजकूर मात्र त्यानं चोख बदलून दिला. तरी तो प्रोग्रॅम खऱ्या संगणकावर घेतलाच नाही. बदललेला मजकूर कॉपी करून बाहेर आणला आणि खिडकी बंद केली. क्लिपबोर्ड आतबाहेर सामायिक असतो, म्हणून ती उघडी असेपर्यंत बाहेर कुठला पासवर्ड कॉपी केला नाही. पुढच्या वेळी गरज पडली की पुन्हा तीच `.wsb` उघडतो.