'हायरिंग पार्टनर' म्हणजे नोकरी देणारी कंपनी नव्हे

इंदूरच्या भंवरकुआं भागात प्लेसमेंटची हमी देणाऱ्या कोर्सच्या फलकांवर मोठमोठ्या कंपन्यांच्या बोधचिन्हांची रांग असते, आणि आपली मुले ती रांग पाहून फी भरतात. 'प्लेसमेंट असिस्टन्स' म्हणजे केवळ मदत आणि 'गॅरंटी' म्हणजे करारातल्या अटींपुरतीच हमी, हा फरक आता बहुतेक पालकांना ठाऊक असतो. म्हणून त्यावर मी थांबत नाही. खरी गफलत होते ती 'हायरिंग पार्टनर' आणि 'त्या बॅचमधून माणसे घेणारी कंपनी' यांना एकच समजण्यात.

बोधचिन्ह फलकावर येण्याचे मार्ग अनेक आहेत. एखाद्या कंपनीच्या एचआरने एकदा सेमिनार घेतलेला असतो. कधी सामंजस्य करार असतो, परंतु त्याचा अर्थ संस्थेने बायोडेटा पाठवावेत आणि कंपनीने हवे तर पाहावेत, इतकाच असतो. कधी जॉब पोर्टलवरची उघड जाहिरात विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकली जाते आणि तिलाच 'ड्राइव्ह' म्हटले जाते. सर्वांत फसवा प्रकार मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचा आहे: मुलगा बसतो मोठ्या कंपनीच्या कार्यालयात, पण नियुक्तिपत्र एजन्सीचे असते आणि कंत्राट संपले की काम संपते. या सर्व कंपन्यांना 'पार्टनर' म्हणता येते आणि त्यांपैकी एकीनेही मागच्या बॅचमधून कोणाला घेतलेले नसू शकते. म्हणून 'कोणत्या कंपन्या येतात?' हा प्रश्न मला निरुपयोगी वाटतो. गेल्या दोन बॅचमधून कोणत्या कंपनीने, कोणत्या पदावर, किती जणांना आणि कोणाच्या पेरोलवर घेतले, हे विचारावे.

माझ्या ताईच्या मुलासाठी आम्ही डेटा अ‍ॅनालिटिक्सचा एक कोर्स पाहिला. फी 85,000 रुपये, फलकावर 24 कंपन्या आणि '90 टक्के प्लेसमेंट' असा दावा होता. बॅच 40 जणांची होती, परंतु ठरावीक हजेरी, सर्व चाचण्या आणि प्रोजेक्ट पूर्ण करणारेच 'पात्र' धरले जात, आणि असे 20 जण निघाले. त्यांपैकी 18 जणांना ऑफर मिळाली म्हणून टक्केवारी 90 झाली. फी भरलेल्या 40 जणांमध्ये ती 45 टक्केच भरते.

संस्थेने बोलण्यासाठी दिलेले तीन माजी विद्यार्थी आम्ही बाजूला ठेवले, कारण निवडून दिलेला साक्षीदार साहजिकच समाधानी असतो. लिंक्डइनवर संस्थेचे नाव शोधून आम्ही त्या 18 पैकी 11 जणांपर्यंत स्वतः पोहोचलो. चार जण टेलिसेल्समध्ये होते. दोघांची नोकरी कोर्सच्या आधीपासूनच सुरू होती, आणि हे प्रोफाइलवरील रुजू होण्याच्या महिन्यावरूनच कळले. तिघांना एका कंपनीत तीन महिने स्टायपेंडवर ठेवून सोडून देण्यात आले होते. त्या कंपनीचे नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शोधले, तेव्हा तिच्या संचालकांत संस्थेच्या मालकाचेच नाव सापडले. उरलेले दोघे खरोखर विश्लेषकाचे काम करत होते, मात्र इंदूरमधल्या छोट्या कंपन्यांत. फलकावरच्या 24 नावांत त्या नव्हत्या.

नोकरी खरी आहे का, हे ऑफर लेटरवरून ठरवू नये. ते कोणीही छापू शकते. माजी विद्यार्थ्याने तयारी दाखवली तर त्याच्या पीएफ पासबुकातले आस्थापनेचे नाव आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात खात्यात जमा झालेला पगार विचारावा. पीएफचे नाव एजन्सीचे आहे की कंपनीचे, तेथेच उलगडते. अर्थात वीसपेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेत किंवा स्टायपेंडवर पीएफ नसू शकतो, तेव्हा केवळ पीएफ नाही म्हणून नोकरी खोटी ठरत नाही. अशा वेळी बँकेतली जमा पाहावी. वार्षिक पॅकेजच्या आकड्यात इन्सेंटिव्हही धरलेला असतो, म्हणून मी हातात पडणारी रक्कमच विचारतो. 'सर्वाधिक पॅकेज' हा आकडा तर मी वाचतही नाही. एका माणसाचा पगार चाळीस जणांबद्दल काहीच सांगत नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली असून, निवडीच्या प्रमाणाविषयीचे आणि नोकरीच्या हमीचे खोटे दावे त्यांत निषिद्ध आहेत. म्हणून फलकाचा व माहितीपत्रकाचा तारखेसह फोटो ठेवावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, म्हणजे 1915 वर, तक्रार करताना तोच उपयोगी पडतो. आम्ही फी भरण्यापूर्वी मागच्या दोन बॅचची कंपनीनिहाय यादी संस्थेच्या लेटरहेडवर सहीशिक्क्यासह मागितली. काउन्सेलरने 'सरांना विचारून पाठवतो' असे सांगितले. ती यादी आली नाही आणि आम्ही फी भरली नाही.