पुरात बुडालेले पाच दिवस हिशोबात कुणाच्या नावावर टाकायचे?

ऑगस्ट २०१९ चा पूर कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांना वेगळा सांगायला नको. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि पुणे-बंगळूर रस्ता कित्येक दिवस बंद राहिला, त्यामुळे ज्या कारखान्यांत पाणी शिरलं नाही तेही बंद पडले, कारण माणसं येईनात, माल येईना आणि तयार माल बाहेर जाईना. महिना संपल्यावर कॉस्टिंगवाल्यासमोर एक प्रश्न असतो. कारखाना बंद होता तरी शेडचं भाडं, मशीनचा घसारा, विमा, सुपरवायझरचा पगार हे सगळं चालूच होतं, मग हा न वसूल झालेला खर्च दाखवायचा कुणामुळे?

एक काल्पनिक मशीन शॉप घेऊ, आकडे माझे, परिस्थिती त्या महिन्याची. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशीनिंग करायचं काम, १० मशीन, ८ तासांची एकच शिफ्ट. महिन्याचे ३१ दिवस, त्यातून चार साप्ताहिक सुट्ट्या, १५ ऑगस्ट आणि कंपनीची एक ठरलेली सुट्टी वजा केली की राहिले २५ दिवस, म्हणजे २,००० मशीन तास. स्थिर ओव्हरहेडचं, म्हणजे वरच्या भाडं-घसाऱ्यासारख्या चालूच राहणाऱ्या खर्चाचं, बजेट १२ लाख रुपये. भागाकार केला की तासाला ६०० रुपये दर येतो. तासाला २ नग हे स्टँडर्ड, म्हणजे प्रत्येक नगाने ३०० रुपयांचा स्थिर खर्च पोटात घ्यायचा असं ठरलेलं.

झालं असं की पुरामुळे गेट पाच दिवस उघडलंच नाही, कारखाना चालला २० दिवस. त्या २० दिवसांत १,६०० तास मिळायला हवे होते, मिळाले १,५०० आणि नग निघाले ३,१००. स्टँडर्डप्रमाणे ३,१०० नगांना १,५५० तास लागतात, म्हणून वसुली १,५५० गुणिले ६०० = ९ लाख ३० हजार. बजेट १२ लाखाचं होतं म्हणजे २ लाख ७० हजार वसूल झालेच नाहीत. बजेट आणि वसुली यांतल्या या फरकाला व्हॉल्यूम व्हेरियन्स म्हणतात, आणि नुसता एवढाच आकडा मालकासमोर ठेवला की मीटिंगमध्ये पहिला बळी प्रॉडक्शन मॅनेजरचा जातो. (खर्चही प्रत्यक्षात १२ लाख ३० हजार झाला, पण ते जादा ३० हजार एक्स्पेंडिचर व्हेरियन्सचे, त्यांचं इथे काम नाही.)

आता हे २ लाख ७० हजार फोडायचे. पाच दिवस म्हणजे ४०० तास, गुणिले ६००, झाले २ लाख ४० हजार प्रतिकूल, हा कॅलेंडर व्हेरियन्स. उघड्या दिवसांत १,६०० ऐवजी १,५०० तास चालले, १०० तास गेले म्हणजे ६० हजार प्रतिकूल, हा कपॅसिटी व्हेरियन्स. आणि १,५०० तासांत १,५५० तासांचं काम निघालं म्हणून ३० हजार अनुकूल, हा एफिशियन्सी व्हेरियन्स. २ लाख ४० अधिक ६० वजा ३० = २ लाख ७०, जुळलं.

सगळी मेख कपॅसिटीची तुलना कशाशी करायची यात आहे. बरेच जण सवयीने १,५०० ची तुलना थेट बजेटच्या २,००० शी करतात आणि ३ लाख प्रतिकूल कपॅसिटी काढतात, मग त्याच्याशेजारी कॅलेंडरचे २ लाख ४० हजारही लिहितात, म्हणजे पुराचे पाच दिवस दोनदा मोजले गेले आणि बेरीज काही केल्या व्हॉल्यूमशी जुळत नाही. न जुळणं हीच खूण. कॅलेंडर वेगळा काढायचा असेल तर कपॅसिटीसाठी तुलना १,६०० शीच, म्हणजे चाललेल्या दिवसांत जेवढे तास मिळायला हवे होते त्यांच्याशी. आणि १५ ऑगस्ट बजेटमध्येच वजा केलाय, तो यात पुन्हा आणायचा नाही.

खरी ओढाताण होते ती अर्ध्या दिवसांवरून. समजा पाणी ओसरलं, गेट उघडलं, पण दोन मशीनच्या पॅनलमध्ये पाणी गेलेलं, लाइट दुपारी आली, पलीकडच्या गावांतले ऑपरेटर अजून अडकलेले. आपल्या उदाहरणातले १०० तास असेच गेलेत. हे पुरामुळेच ना, मग कॅलेंडरमध्ये टाका, असं मॅनेजर म्हणणारच, कारण कॅलेंडरला कुणी जाब विचारत नाही, वाहत्या पंचगंगेत हात धुवून घ्यायला कुणाला नको असतं! माझं मत साधं आहे, गेट उघडलं आणि हजेरी लागली की तो दिवस चाललेला, त्यात बुडालेले तास कपॅसिटीत जाणार, फक्त शेजारी कारण लिहा. पॅनल उंचावर बसवायचं की नाही हे कारखान्याच्या हातात असतं, नदी नसते. नियम मात्र महिना सुरू व्हायच्या आधी ठरलेला हवा, आकडे बघून ठरवलेला नको.

आता त्या अनुकूल ३० हजारांकडे जरा संशयाने बघा. पुरानंतर लोकांनी जीव तोडून काम केलं असेलही, पण आधी दोन गोष्टी तपासायच्या. एक म्हणजे महिन्याच्या सुरुवातीला अर्धवट मशीनिंग झालेले नग पडून होते का, कारण ते पूर्ण झाले की उत्पादन या महिन्याचं दिसतं आणि तास मागच्या महिन्याचे असतात. दुसरं, सेटिंग बदलायला लागू नये म्हणून एकाच प्रकारचा सोपा जॉब सलग चालवला का. जॉब कार्ड काढून बघितलं की अर्ध्या तासात कळतं, आणि पुढच्या महिन्यात रिजेक्शन वाढलं असेल तर घाईची किंमत तिथे दिसते.

आणखी एक गैरसमज. कॅलेंडरचे २ लाख ४० हजार म्हणजे पुराने खिशातून एवढे पैसे गेले असं नाही, ते भाडं आणि घसारा पूर नसता तरी लागलाच असता. बुडाला तो त्या ४०० तासांत निघाले असते त्या ८०० नगांवरचा काँट्रिब्यूशन, म्हणजे विक्रीतून बदलता खर्च वजा जाता जे उरलं असतं ते, आणि ऑर्डर रद्द न होता पुढे ढकलली गेली असेल तर तोही पूर्ण बुडालेला नाही. विम्याच्या क्लेमला व्हेरियन्सचा आकडा जोडून पाठवणारे लोक आहेत, त्यांनी हे लक्षात घ्यावं. आणि हे पैसे उरलेल्या नगांवर वाटून स्टॉकची किंमत फुगवायचीही सोय नाही, अकाउंटिंग स्टँडर्ड २ प्रमाणे स्थिर ओव्हरहेड नॉर्मल कपॅसिटीच्या दरानेच स्टॉकमध्ये जातो, उत्पादन कमी झालं म्हणून नगामागचा दर वाढवता येत नाही, न मुरलेला भाग त्याच वर्षीच्या खर्चात.

सप्टेंबरमध्ये मग भरपाई म्हणून साप्ताहिक सुट्टीच्या तीन दिवशी कारखाना चालवला तर दिवसाला ४८ हजारांप्रमाणे १ लाख ४४ हजारांचा अनुकूल कॅलेंडर व्हेरियन्स येतो आणि रिपोर्ट छान दिसायला लागतो. पण आठवड्याला ४८ तासांच्या वर काम गेलं तर कायद्याप्रमाणे दुप्पट मजुरी द्यावी लागते, आणि ती या आकड्यात कुठेच नाही, ती लेबर कॉस्टच्या व्हेरियन्समध्ये चार पानं पुढे बसलेली असते.