पोर्तुगालची वाइन, इंग्लंडचे कापड आणि विनिमय दराच्या दोन सीमा

आंतरराष्ट्रीय व्यापार या विषयाच्या प्रश्नपत्रिकेत डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली मांडलेले उदाहरण या ना त्या रूपात हटकून येते. ठरावीक कापड तयार करायला इंग्लंडमध्ये १०० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात आणि ठरावीक वाइन तयार करायला १२० माणसांचे. पोर्तुगालमध्ये तेच कापड ९० माणसांत आणि तीच वाइन ८० माणसांत होते. मग कोणत्या देशाने काय बनवावे? गेली अनेक वर्षे उत्तरपत्रिका तपासताना मला एक गोष्ट सतत दिसते. तुलनात्मक लाभाचे गणित विद्यार्थी बिनचूक सोडवतात, पण त्याच प्रश्नाच्या पुढच्या भागात विनिमय दर दिला की पहिल्या भागात जे लिहिले त्याच्या नेमके उलट लिहून मोकळे होतात. त्यांना हे दोन वेगळे धडे वाटतात. खरे तर तो एकच धडा आहे.

पहिला भाग असा. इंग्लंडने वाइनचे एक माप बनवायचे ठरवले तर १२० माणसे तिकडे वळवावी लागतील, म्हणजे कापडाच्या १.२ मापांवर पाणी सोडावे लागेल. पोर्तुगालला त्याच वाइनसाठी ८० भागिले ९०, म्हणजे सुमारे ०.८९ मापच कापड सोडावे लागते. वाइनचा संधी खर्च पोर्तुगालमध्ये कमी आहे, म्हणून पोर्तुगालने वाइन करावी आणि इंग्लंडने कापड करावे, जरी दोन्ही वस्तू पोर्तुगालमध्ये कमी श्रमांत होत असल्या तरी. इथपर्यंत बहुतेकांचे बरोबर असते.

पण लंडनमधला कापडाचा व्यापारी संधी खर्चाचा हिशेब करत बसत नाही, तो किंमत पाहतो. तेव्हा दोन्ही देशांत पैसा आणू. सोपेपणासाठी इंग्लंडमध्ये एका माणसाची वर्षाची मजुरी १ पौंड आणि पोर्तुगालमध्ये १ मिलरेईस धरू आणि किमतीत मजुरीखेरीज दुसरे काही नाही असे मानू. म्हणजे इंग्रजी कापड १०० पौंडांना आणि वाइन १२० पौंडांना, तर पोर्तुगीज कापड ९० मिलरेईसला आणि वाइन ८० मिलरेईसला पडेल. आता समजा विनिमय दर १ मिलरेईसला १ पौंड असा आहे. लंडनमध्ये पोर्तुगीज कापड ९० पौंडांना आणि वाइन ८० पौंडांना मिळेल. दोन्ही वस्तू पोर्तुगालच्याच स्वस्त! नेमक्या याच ठिकाणी विद्यार्थी डगमगतो, आधीचे उत्तर खोडतो आणि ‘इंग्लंड काहीच निर्यात करू शकणार नाही’ असे लिहितो.

या दराला खरोखरच तसे घडेल, पण ते फार काळ टिकणार नाही, कारण व्यवहारतोल, म्हणजे परदेशांशी होणाऱ्या सगळ्या देण्या-घेण्याचा हिशेब, मध्ये येतो. इंग्लंडमधल्या प्रत्येक आयातदाराला मिलरेईस हवे आहेत आणि पोर्तुगालमध्ये पौंड घ्यायला कोणीच तयार नाही, कारण पौंडात विकत घेण्यासारखे काही उरलेले नाही. मागणी एकतर्फी झाल्यामुळे मिलरेईस महाग होत जातो. तो १.११ पौंडांच्या थोडा वर गेला की पोर्तुगीज कापड लंडनमध्ये १०० पौंडांहून महाग पडते आणि इंग्रजी कापडाला पहिल्यांदा परदेशी गिऱ्हाईक मिळते. उलट मिलरेईस १.५० पौंडांच्या वर गेला तर ८० मिलरेईसची वाइनही १२० पौंडांपलीकडे जाते आणि मग पोर्तुगालकडून कोणी काहीच घेत नाही. दुतर्फा व्यापार होतो तो १.११ आणि १.५० यांच्या दरम्यान. उदाहरणार्थ १.२५ या दराला पोर्तुगीज वाइन लंडनमध्ये १०० पौंडांना आणि पोर्तुगीज कापड ११२.५० पौंडांना पडते. म्हणजे इंग्लंडने वाइन आणावी आणि कापड पाठवावे, हे आता किंमतच सांगते. या दोन सीमा कुठून आल्या ते पाहण्यासारखे आहे. १०० भागिले ९० आणि १२० भागिले ८० ही दोन श्रमांचीच गुणोत्तरे आहेत. दर या पट्ट्यात नेमका कुठे स्थिरावेल हे मात्र दोन्ही देशांना एकमेकांचा माल किती हवा आहे यावर ठरते, श्रमांच्या आकड्यांवरून ते काढता येत नाही.

सरकारने दर पट्ट्याबाहेर धरून ठेवला तर काय होईल, असाही प्रश्न येतो. पुस्तकी अर्थाने व्यवहारतोलाच्या दोन्ही बाजू नेहमी जुळतातच. तूट म्हणजे चालू खात्यातली उणीव परदेशी कर्जाने, गुंतवणुकीने किंवा गंगाजळीतून भरून काढली जाते. गंगाजळी आणि सावकारांचा विश्वास यांना अंत असतो, म्हणून असा दर एक दिवस सोडावा लागतो.

त्या सोडण्याला अवमूल्यन म्हणतात आणि तिथे दुसरी हमखास चूक होते, ती म्हणजे ‘अवमूल्यन झाले, म्हणून तूट कमी झाली’ हे एका वाक्यातले उत्तर. समजा भारताची निर्यात रुपयांत ठरलेली आहे, ८,००० रुपयांची. आयात १०० डॉलरची आहे आणि दर ८० रुपये, म्हणून तीही ८,००० रुपयांची. डॉलर ८८ रुपयांवर गेला. पहिल्या काही महिन्यांत करार जुनेच असतात, माल तेवढाच जातो आणि तेवढाच येतो. निर्यात ८,००० रुपयेच राहते, आयात ८,८०० होते आणि तूट नव्हती तिथे ८०० रुपयांची तूट उभी राहते. पुढे निर्यातीचे प्रमाण ५ टक्के वाढले आणि आयातीचे ३ टक्के घटले, तर निर्यात ८,४०० आणि आयात ८,५३६ रुपये, म्हणजे तूट अजून आहेच. वाढ ८ टक्के आणि घट ४ टक्के असेल, तेव्हा निर्यात ८,६४० होते, आयात ८,४४८ होते आणि १९२ रुपयांची शिल्लक पडते. १० टक्के किंमतबदलाला दोन्ही प्रतिसाद मिळून १० टक्क्यांहून जास्त हवेत. मार्शल-लर्नर अट म्हणतात ती हीच. ती सुरुवातीला व्यापारतोल समतोल होता असे गृहीत धरते. निर्यातही डॉलरमध्ये ठरलेली असेल, तर सुरुवातीचा हिशेब बदलतो. १०० डॉलरची निर्यात आणि १२० डॉलरची आयात असताना तूट आधीही २० डॉलर आणि नंतरही २० डॉलर राहते, पण रुपयांत ती १,६०० वरून १,७६० वर जाते. म्हणून उत्तरात चलन लिहिलेच पाहिजे.

आपल्याकडचा दाखला ६ जून १९६६ चा आहे. त्या दिवशी डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर नेण्यात आला. हे अवमूल्यन किती टक्क्यांचे? रुपयाची किंमत डॉलरमध्ये सुमारे ३६.५ टक्के उतरली आणि डॉलर रुपयांत सुमारे ५७.६ टक्के महागला. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण आयातीचा खर्च काढताना ३६.५ वापरणाऱ्याचे पुढचे सगळे गणित चुकते. शिवाय त्याच वेळी निर्यातीवरची अनुदाने काढून घेतली गेली आणि ताग, चहा यांसारख्या मालावर निर्यातकर बसवला गेला, त्यामुळे निर्यातदाराच्या हातात पडलेली वाढ ५७.६ टक्क्यांच्या आसपासही नव्हती. त्यात १९६५-६६ पाठोपाठ १९६६-६७ मध्येही दुष्काळ पडला. शेतातून येणारा माल कमी आणि धान्याची आयात टाळता न येणारी, अशा वर्षी निर्यातीचे प्रमाण वाढायचे कुठून आणि आयातीचे घटायचे कसे? १९६६ चे अवमूल्यन ‘फसले’ एवढेच लिहिणाऱ्याला मी निम्मे गुण देतो. दर किती बदलला, त्यातला किती प्रत्यक्ष पोहोचला आणि मालाच्या प्रमाणाने त्याला प्रतिसाद का दिला नाही, हे तीन वेगळे हिशेब जो करतो त्याला पूर्ण गुण मिळतात.