प्रूफमध्ये फोन नंबर चुकलाय? मग आम्हाला असा मेसेज करा

(आमच्याकडे बॅनर, फ्लेक्स करून घेणाऱ्या दुकानदारांसाठी)

बॅनरवर 'भव्य'चं 'भव' झालं तर लोक हसतात, पण दुकानात येतात. फोन नंबरातला एक आकडा चुकला तर फोन भलत्याच घरी वाजतो आणि तुमच्या दुकानात तो वाजला नाही हे तुम्हाला कळतही नाही. म्हणून या पत्रकात नंबराच्या दुरुस्तीबद्दलच लिहिलं आहे. रंग, फोटो, साइझ यांबद्दल काउंटरवर बोलू.

आधी आमच्याकडे झालेला एक घोटाळा सांगतो. यात नंबर मुद्दाम 5 ने सुरू होणारा घेतला आहे. आपल्याकडे मोबाईल नंबर 6, 7, 8 किंवा 9 नेच सुरू होतात, तेव्हा हे वाचून कोणाला फोन जायला नको.

भांड्यांचे एक व्यापारी लगीनसराईसाठी दहा बाय चारचा बॅनर करायला आले. मजकूर त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिला. नंबर होता 52398 71604. आकडे लिहिले इंग्रजीत, फक्त मधला एक सवयीने मराठीत, '१'. हाताने घाईत लिहिलेला मराठी १ आणि इंग्रजी 9 शेजारी ठेवून बघा, दोघांनाही वर गोल आणि खाली शेपूट. ऑपरेटरने तो 9 वाचला आणि प्रूफमध्ये नंबर गेला 52398 79604.

शेठजींच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी मेसेज केला, 'दादा नंबर चुकलाय. 9 च्या जागी 1 पाहिजे.' आता चुकलेल्या नंबराकडे पुन्हा एकदा बघा, त्यात 9 दोन आहेत. ऑपरेटरने डावीकडून पहिला दिसला तो बदलला. दुसरं प्रूफ गेलं 52318 79604. शेठजी गिऱ्हाइकात होते. त्यांनी मोबाईलवर नंबराकडे नजर टाकली, 1 दिसला, 'ओके' लिहून टाकलं. रात्री बॅनर छापला, आयलेट मारल्या, सकाळी त्यांचा पोरगा घ्यायला आला आणि त्यानेच काउंटरवर उभ्या उभ्या सांगितलं, हा आपला नंबर नाही.

आधी एक आकडा चुकला होता, आता दोन झाले. चाळीस चौरस फूट फ्लेक्स वाया गेला. शेठजींनी दुरुस्ती सांगितली होती हे खरं, आम्ही ती चुकीच्या जागी केली हेही खरं, आणि त्यांनी न वाचता ओके दिला हेही खरंच. शेवटी खर्च निम्मा निम्मा केला. पण त्यांचा मेसेज वेगळा असता तर ही वेळच आली नसती.

तो मेसेज असा हवा होता:

```
नमस्कार दादा. लगीनसराई बॅनर, 10 x 4, आज
संध्याकाळी 5:40 ला पाठवलेलं प्रूफ.
खालच्या लाल पट्टीतला मोबाईल नंबर चुकलाय.

प्रूफमध्ये आहे:
5239879604

हवा आहे:
5239871604

सातवा आकडा 9 नाही, 1 आहे.
लँडलाइन बरोबर आहे, ती तशीच ठेवा.
क्यूआर कोड याच मोबाईलचा आहे, तोही बदला.
बाकी सगळं बरोबर.
नवीन प्रूफ पाठवा. मी ओके म्हटल्याशिवाय
प्रिंटिंगला सोडू नका.
```

लिहायला दोन मिनिटं जास्त लागतील. पण यातली प्रत्येक ओळ आमच्या ऑपरेटरला एकेका खड्ड्यातून वाचवते.

सगळ्यात कामाचं म्हणजे चुकलेला नंबर आणि बरोबर नंबर, दोन्ही पूर्ण, एकाखाली एक. 'शेवटचे तीन आकडे बदला', '9 चं 1 करा' असं लिहिलं की ऑपरेटरला जागा शोधावी लागते आणि शोधताना माणूस चुकतो. पूर्ण नंबर असला की त्याला डोकं लावावं लागत नाही. जुना पुसायचा, नवा टाकायचा.

नंबर टाइप करूनच पाठवा आणि शक्यतो इंग्रजी आकड्यांत, वेगळ्या ओळीवर. यामागचं कारण दुकानाबाहेर फारसं कोणाला माहीत नसतं. बॅनरचे मराठी फॉन्ट बऱ्याचदा जुन्या पद्धतीचे असतात. मोबाईलवरचा मराठी मजकूर त्यात पेस्ट केला की चौकोन किंवा भलतीच अक्षरं उमटतात. मग ऑपरेटर तोच मजकूर बघून बघून पुन्हा हाताने टाइप करतो. म्हणजे तुम्ही बरोबर पाठवलेला नंबरसुद्धा परत एकदा कोणाच्या तरी बोटांखालून जातो. इंग्रजी आकडे सहसा सरळ पेस्ट होतात. बॅनरवर आकडे मराठीत हवे असतील तर तसं लिहा, ते आम्ही करून देऊ. तुम्ही इंग्रजीत पाठवलेत म्हणून बॅनरवर इंग्रजीच येतील असं नाही.

व्हॉइस मेसेज मात्र नको. मशीन चालू असताना इथे 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' सारखंच ऐकू येतं. आमचा रात्रीचा ऑपरेटर हिंदी भाषिक आहे. त्याला 'एकोणनव्वद' म्हणजे 89 हे कळायला थोडा वेळ लागतो आणि 'नव्वद' ऐकून तो 90 कडे जातो. 'चार डबल पाच'चं 455 करायचं की 445, यावरून तर आमच्यातच भांडणं होतात.

मेसेज प्रूफच्या फोटोलाच रिप्लाय म्हणून द्या. सणाच्या दिवसांत एकाच गिऱ्हाइकाची तीन तीन प्रूफं चालू असतात, एक बॅनर, एक स्टँडी, एक पॅम्प्लेट. वरचेवर 'नंबर बदला' एवढंच आलं की तो कशावरचा, हे विचारायला फोन करावा लागतो आणि तुम्ही गिऱ्हाइकात असता. फोटोवर लाल पेनने गोल करून पाठवलात तर आणखी चांगलं, पण गोल केला म्हणून नंबर लिहायचा टाळू नका. गोल फक्त जागा दाखवतो.

आणि एक विनंती. पाठवलेला मेसेज नंतर एडिट करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पंधरा मिनिटांपर्यंत मेसेज बदलता येतो, पण बदलला म्हणून आमच्याकडे पुन्हा घंटी वाजत नाही. ऑपरेटरने पहिलाच नंबर कॉपी करून टाकलेला असतो. चूक झाली असेल तर नवा मेसेज करा, 'वरचा नंबर धरू नका, हा धरा' असं लिहून.

क्यूआर कोडचं काय?

हे अलीकडे सुरू झालंय आणि फसवं आहे. बॅनरवर क्यूआर असेल तर नंबर दोन जागी असतो, एक आकड्यांत आणि एक त्या काळ्या ठिपक्यांत. व्हॉट्सअ‍ॅपच्या कोडमागे साधारण अशी लिंक असते: `https://wa.me/915239871604`. आकडे दुरुस्त केले म्हणून ठिपके आपोआप बदलत नाहीत, कोड नव्याने बनवावा लागतो. डोळ्यांना जुना आणि नवा कोड सारखाच दिसतो. म्हणून नव्या प्रूफवरचा कोड दुसऱ्या मोबाईलने स्कॅन करा आणि चॅट कोणाचं उघडतंय ते बघा. पैसे घ्यायचा तुमचा यूपीआयचा कोड ही वेगळी गोष्ट. तो तुमच्या बँकेच्या किंवा पेमेंटच्या अ‍ॅपमधूनच आलेला हवा, आम्ही तो बनवत नाही आणि त्याला हातही लावत नाही.

नवीन प्रूफ आलं की

नुसतं बघू नका. स्वतःचा नंबर आपल्याला इतका पाठ असतो की डोळे तो वाचतच नाहीत, ओळखतात. शेठजींचं तेच झालं. दुसऱ्याच्या मोबाईलवर प्रूफ उघडा, त्यातला नंबर एकेक आकडा बघून डायल करा आणि तुमचा फोन वाजतोय का ते बघा. वाजला तर नंबर बरोबर. याहून खात्रीची तपासणी आम्हाला तरी माहीत नाही. लँडलाइन असेल तर तीही अशीच, एसटीडी कोडसकट.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो थोडा धुरकट होतो. बारीक अक्षरांत 3 आणि 8, किंवा 6 आणि 8 यांत फरक कळेनासा होतो. झूम करूनही शंका राहिली तर 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं सांगा, मग मूळ फाईल जशीच्या तशी येते.

सगळं जुळलं की 'ओके' लिहा. हा शब्द आमच्याकडे सहीसारखा धरला जातो. ओके आला की फाईल मशीनच्या रांगेत जाते आणि रात्री छापणारा माणूस तुमचा मेसेज वाचत नाही, फक्त फाईल बघतो. त्यामुळे 'ओके, फक्त तेवढा नंबर बदला' असं कृपया लिहू नका. त्यातलं 'ओके' आधी वाचलं जातं.

ओकेनंतर चूक सापडली तर ताबडतोब काउंटरला फोन करा, मेसेज नको. रोल मशीनवर चढला नसेल तर थांबवता येतं. छापायला सुरुवात झाली की दहा बाय चारचा बॅनर काही मिनिटांत बाहेर येतो. तुमची दुरुस्ती लेखी असूनही आमच्याकडून राहिली, तर दुसरा बॅनर आमच्या खर्चाने. ओके दिलेल्या प्रूफमध्येच नंबर चुकलेला असेल, तर छपाईचा खर्च तुमचा.

छापलेल्या बॅनरवर नंबरापुरती विनाईलची पट्टी चिकटवून देता येते. पांढऱ्या जागेवर ती खपून जाते. लाल किंवा निळ्या पट्टीवर छटा जुळत नाही, उन्हापावसात कडा सुटतात आणि खालचा जुना नंबर डोकावतो. दोन दिवसांच्या सेलला चालेल, वर्षभर दुकानावर लावायच्या बोर्डाला आम्ही ती सुचवत नाही.

राहता राहिली जुनी फाईल. प्रिंटिंगला देताना अक्षरांचं चित्रात रूपांतर करतात, त्याला आम्ही कर्व्ह करणं म्हणतो. घाईत कधी कधी दुरुस्ती त्या छपाईच्या प्रतीतच होते आणि मूळ फाईलमध्ये चुकीचा नंबर तसाच राहतो. सहा महिन्यांनी तुम्ही 'मागचंच मारा, फक्त तारीख बदला' म्हणता आणि तो नंबर परत येतो. म्हणून मागचंच मारायचं असलं तरी सोबत नंबर पुन्हा एकदा टाइप करून पाठवा.