‘मोठीमाय’ : एका निवेदक-नावाची पार्श्वभूमी

ऐकवायच्या रचनेत सांगणाऱ्याचे नाव गुंफण्याची रीत मराठवाड्याला नवी नाही. पैठणच्या भारुडात अखेरीस ‘एका जनार्दनी’ येते आणि गंगाखेडच्या जनाबाईंच्या अभंगात ‘जनी’. रेडिओने हे नाव शेवटून उचलून सुरुवातीला आणले आणि नातेवाचक शब्दांत बसवले. ताई, नाना, आजी ही नावे तेव्हापासून इतकी वापरली गेली आहेत की त्यांतून एखादी विशिष्ट व्यक्ती आता मुलांच्या डोळ्यांपुढे उभी राहत नाही.

चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी आमची ध्वनिमालिका ठरली, तेव्हा पहिले नाव सुचले ते ‘पिंगळा’. पहाटे दारी येऊन बोलणारा म्हणून ते शोभत होते, परंतु विभक्ती लागताच ते बदलते : पिंगळ्याने, पिंगळ्याची, पिंगळ्याला. कानाने शिकणाऱ्या मुलाला मूळ रूप क्वचितच ऐकू येते. शिवाय ‘ळ’ अनेक लहान मुलांना साधत नाही, त्यामुळे त्याचे ‘पिंगला’ झाले.

त्यानंतर आले ‘मोठी माय’, आणि खरा वाद इथे सुरू झाला. आमच्यापैकी काहींच्या घरी मोठी माय म्हणजे आजी, काहींच्या घरी चुलती, तर एकीच्या घरी आईची थोरली बहीण. आवाज साठीतला हवा की चाळिशीतला, हेच त्यामुळे ठरेना. दुसरी अडचण व्याकरणाची होती. शब्द सुटे लिहिले तर नियमाने ‘मोठ्या मायने’ म्हणावे लागते, आणि प्रमाण वळणाने ‘मायेने’ केले तर ‘प्रेमाने’ असा भलताच अर्थ निघतो. म्हणून ‘मोठीमाय’ असे जोडून लिहायचे आणि ‘मोठीमायनं’, ‘मोठीमायची’ असे बोलीप्रमाणे म्हणायचे ठरले. शुद्धलेखनाचा आग्रह धरणाऱ्यांना हे रुचले नाही; माझ्या मते ऐकण्याच्या माध्यमात त्यांचा मुद्दा गौण होता. ‘मोठीमायला’ या रूपाचा शेवट मात्र एका सर्वपरिचित शिवीसारखा लागतो, हा आक्षेप रास्त निघाला, आणि संहितेत ते रूप टाळून ‘मोठीमायकडे’ किंवा ‘मोठीमायपाशी’ वापरण्याचे बंधन लेखकांवर आले.

या नावाची जमेची बाजू त्याच्या स्वरांत आहे. ‘मो’ आणि ‘मा’ दोन्ही लांबवता येतात, आणि फोनच्या बारीक स्पीकरवर ‘स’ व ‘श’ जसे एकमेकांत मिसळतात, तसे काही यात घडत नाही. नाव रुजले की नाही, हे ‘गोष्ट सांगणारी कोण?’ असे विचारून कळत नाही, कारण मूल आठवून उत्तर देते. त्याला तीच गोष्ट धाकट्या भावंडाला सांगायला लावावी. लातूरकडच्या एका घरात पाच वर्षांच्या मुलीने ‘मी मोठीमाऽऽय बोलतेय’ अशी सुरुवात केली, आणि शेजारी बसलेल्या चुलतीकडे पाहून लगेच दुरुस्ती केली : ‘ही घरची मोठीमाय, मी मोबाइलमधली.’