तिकीट, दंड आणि पास्कालची पैज

दादरच्या पुलावर टीसी उभे दिसले की गर्दीची चाल दहा पावलं आधीच बदलते. कुणाचा हात खिशात जातो, कुणी मोबाइलमध्ये पास शोधू लागतं, आणि एखादा महाभाग उलट्या पावली जिना उतरतो. बारावीला संभाव्यता शिकवताना मी सुरुवात याच महाभागापासून करतो.

तिकीट १० रुपयांचं धरू. सापडलं तर २५० रुपये दंड आणि वर भाड्याचे १०, असे २६०. शंभर फेऱ्यांची तिकिटं काढली तर हजार रुपये लागतात. विनातिकीट शंभर फेऱ्या केल्या आणि तीनदा सापडलो, तर ७८० जातात. चारदा सापडलो तर १०४०. सीमा सव्वीस फेऱ्यांमागे एकदा, इथे येते. टीसी त्याहून जास्त वेळा भेटत असेल तर तिकीट स्वस्त, कमी वेळा भेटत असेल तर महाभाग फायद्यात. (फुकट जाणं ही चोरी आहे, हे या हिशोबाला कळत नाही.) शक्यता गुणिले रक्कम, आणि अशा सगळ्या गुणाकारांची बेरीज, म्हणजे अपेक्षित मूल्य.

आता दंडाचा आकडा अनंत करा, कधीच न फिटणारा. मग टीसी कोटी फेऱ्यांत एकदा येवो, तिकीट काढणंच शहाणपणाचं. शक्यता शून्य नसली की पुरे, ती किती हा प्रश्नच उरत नाही. देवावर विश्वास ठेवावा की नाही, याबद्दल ब्लेझ पास्कालने मांडलेला युक्तिवाद याच घाटाचा आहे.

पास्काल १६२३ साली फ्रान्समध्ये जन्मला. १६५४ मध्ये त्याने आणि फर्मा या दुसऱ्या फ्रेंच गणितज्ञाने पत्रांतून एक प्रश्न सोडवला: जुगाराचा डाव अर्धवट मोडला तर पणाला लावलेले पैसे कसे वाटायचे? संभाव्यतेचं गणित तिथून नीट उभं राहिलं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये एका रात्री त्याला तीव्र धार्मिक अनुभव आला. त्या रात्रीचं टिपण त्याने कोटाच्या अस्तरात शिवून ठेवलं होतं, ते मरणानंतर सापडलं. १६६२ साली एकोणचाळिसाव्या वर्षी तो गेला. पैजेचा मजकूर त्याच्या सुट्या टिपणांत होता, तो १६७० मध्ये छापून आला.

त्याचं म्हणणं असं. देव आहे की नाही हे बुद्धीने ठरवता येत नाही. पण ‘मी खेळतच नाही’ असंही म्हणता येत नाही, कारण होडी किनाऱ्यावरून सुटलेली आहे आणि तुम्ही तिच्यात बसलेले आहात. विश्वास ठेवला आणि देव असला, तर अनंत सुख. नसला, तर गमावलेलं मोजकंच: काही चैन, काही रविवार. म्हणून विश्वासावर पैज लावा. माझ्या उदाहरणात दंड आहे, पास्कालचा भर मात्र मिळकतीवर आहे, नरकाच्या भीतीवर नाही. हा फरक पुढे लागेल.

यावर पहिला आक्षेप मुंबईच्या मुलाला शिकवावा लागत नाही. देव म्हणजे कुठला? फ्रेंच विचारवंत दिदरोने अठराव्या शतकात म्हटलं होतं की असाच युक्तिवाद एखादा इमामही करू शकेल. आपल्याकडची माणसं मंगळवारी सिद्धिविनायकाला, बुधवारी माहीमच्या चर्चला आणि एखाद्या दिवशी दर्ग्यालाही जाऊन येतात, म्हणजे सगळीकडे थोडं थोडं लावून ठेवतात. पास्कालच्या पैजेत ही सोय नाही. दोन देवांपैकी प्रत्येकाने ‘फक्त माझंच तिकीट चालेल’ म्हटलं, तर दोन्हीकडे अनंतच दिसतं आणि गणित मुकं होतं. तसंच हा नवसही नव्हे. नवसात आधी काम होतं आणि मग नारळ फुटतो. इथे सगळं आयुष्य आगाऊ भरायचं आहे.

दुसरा आक्षेप, विश्वास काय मनात आणला की बसतो? पास्कालला हे सुचलेलं होतं. त्याचा सल्ला असा की श्रद्धावान वागतात तसं वागा, पवित्र जल घ्या, प्रार्थनेला जा. सवयीने मन वळेल. मला हे उत्तर लोक समजतात तितकं भाबडं वाटत नाही. मात्र त्यामागची अडचण तशीच राहते: दंड वाढवला म्हणून टीसी डब्यात चढत नाही. पैज फायद्याचं कारण देते, पुराव्याचं नाही.

माझ्या मते खरी खिंडार तिसऱ्या आक्षेपाने पडते, कारण तो पास्कालच्याच गणितातून निघतो. तो तत्त्वज्ञ अँटनी डफने १९८६ मध्ये आणि तत्त्वज्ञ ॲलन हायेकने २००३ मध्ये नेटका मांडला. समजा, मी म्हणतो, नाणं उडवीन. छापा पडला तर विश्वास ठेवीन, काटा पडला तर नाही. माझं अपेक्षित मूल्य किती? अर्धा गुणिले अनंत, म्हणजे अनंत. अधिक काहीतरी मोजकं, तरीही अनंत. जन्मभर प्रार्थना करणाऱ्याचं जेवढं, तेवढंच माझं.

नाण्याच्या जागी लॉटरीचं तिकीट घ्या. पहिलं बक्षीस लागलं तर देवळात जाईन, एरवी नाही. शक्यता काही लाखांत एक, पण अनंताचा लाखावा भागही अनंतच. पुढे जाऊन, जो काहीच ठरवत नाही आणि कट्ट्यावर वडापाव खात बसतो, त्याचंही मन कधीतरी वळण्याची बारीकशी शक्यता असते. ती शून्य नसेल तर त्याचंही अपेक्षित मूल्य अनंत. म्हणजे या नियमाने सगळेच पर्याय बरोबरीत सुटले. अनंत घातल्यामुळे शक्यता किती याला किंमत उरली नाही, हेच पास्कालचं बळ होतं, आणि त्याच कारणाने ‘विश्वास ठेव’ आणि ‘नाणं उडव’ यांतला फरकही पुसला गेला.

वर्गात एक मुलगी इथे अडली. “सर, पण दंड अनंत असेल तर नाणं उडवणारा बुडेलच ना? अर्धा गुणिले अनंत दंड.” बरोबर, बुडेल. पण मग तिकीट काढणाराही बघा. चढता-उतरताना गर्दीत तिकीट पडून हरवण्याची शक्यता शून्य नाही. म्हणजे त्याच्याही पदरी अनंत दंड, म्हणजे पुन्हा बरोबरी, फक्त सगळे बुडालेले.

डागडुजीचे दोन मार्ग आहेत. एक, सगळीकडे अनंतच येत असेल तर ते मिळण्याची शक्यता ज्या पर्यायात जास्त, तो निवडा. हे कानाला पटतं. पण हा वेगळा नियम बाहेरून आणावा लागतो, अपेक्षित मूल्याच्या हिशोबातून तो निघत नाही. शिवाय अनेक देवांच्या प्रश्नात तो विचारतोच की कुठल्याची शक्यता जास्त.

दुसरा, अनंत काढून तिथे प्रचंड पण मोजता येणारा आकडा ठेवा. मग नाणं उडवणं खरोखर निम्म्या मोलाचं ठरतं आणि फरक परत येतो. मात्र त्याबरोबर सव्वीसातल्या एकाचा प्रश्नही परत येतो. आस्तिकाचं आयुष्य जगण्याची किंमत भागिले बक्षीस, इतकी तरी शक्यता आहे का, हे आता सांगावं लागेल. टीसी किती वेळा येतो ते पुलावर उभं राहून मोजता येतं. इथे ते बुद्धीने ठरवता येत नाही, असं पास्कालने सुरुवातीलाच लिहून ठेवलं आहे.