एका पिनेची दोन कामे : ईएसपी३२ बोर्ड सुरूच का होत नाही, याची पार्श्वभूमी

अभियांत्रिकी महाविद्यालयात ८०५१ शिकलेल्यांना त्याची ३१ व्या क्रमांकाची ईए ही पिन आठवत असेल. ती पाच व्होल्टला जोडली की चिप स्वतःच्या पोटातला प्रोग्राम चालवी आणि ग्राउंडला जोडली की बाहेरच्या मेमरीतला. अ‍ॅटमेलच्या एटी८९सी५१ या चिपच्या डेटाशीटमध्ये या जोडणीसाठी ‘स्ट्रॅप’ हेच क्रियापद वापरलेले आहे. चालू सर्किटमध्ये त्या पिनेला दुसरे काम नसे, त्यामुळे ती एकदा नीट जोडली की पुन्हा तिचा विचार करावा लागत नसे.

पुढे पिना महाग झाल्या. फिलिप्सच्या एलपीसी२१०० मालिकेत पी०.१४ ही साधी इनपुट-आउटपुट पिन रीसेटच्या वेळी खाली ओढलेली आढळली, तर चिप नेहमीचा प्रोग्राम सोडून सिरियल लोडरमध्ये जात असे. एकाच पिनेला रीसेटच्या क्षणी एक अर्थ आणि नंतर दुसरा, ही सोय तेव्हाच रुळली होती. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही चिप २०१४ मध्ये छंदिष्टांच्या हाती आली, तेव्हा या सोयीचा जाच प्रथमच मोठ्या प्रमाणावर जाणवला, कारण जीपीआयओ ०, २ आणि १५ या तीन पिना ठरावीक स्थितीत नसतील तर ती चिप फ्लॅशमधला प्रोग्राम सुरूच करत नसे. त्याच कंपनीच्या २०१६ च्या ईएसपी३२ मध्ये अशा पिना, म्हणजेच स्ट्रॅपिंग पिना, वाढल्या.

या पिनांची स्थिती ईएन पिन वर जाताना, म्हणजे रीसेट सुटताना, टिपली जाते. म्हणून रीसेटच्या सर्किटमधली चूक पुष्कळदा बूट पिनेच्या चुकीसारखी दिसते. ईएनला १० किलोओहमचा पुल-अप आणि ग्राउंडकडे १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, तर सुमारे १० मिलिसेकंदांचा विलंब मिळतो आणि तेवढ्या वेळात ३.३ व्होल्टचा पुरवठा स्थिरावतो. हा कपॅसिटर वगळला आणि पुरवठा सावकाश चढणारा असला, तर वीज देताच बोर्ड गप्प राहतो, पण रीसेटचे बटण दाबले की व्यवस्थित चालू होतो. ही खूण दिसली तर प्रोग्राम तपासण्यात वेळ घालवू नये. याच्या उलट, बटणाचा धक्का शमवण्यासाठी जीपीआयओ ० वर मोठा कपॅसिटर लावला, तर ती पिन ईएनपेक्षा उशिरा वर चढते आणि चिप कोणी बटण न दाबताही नवा प्रोग्राम येण्याची वाट पाहणाऱ्या डाउनलोड मोडमध्ये अडकते.

सर्वांत फसवी पिन मात्र जीपीआयओ १२ ही आहे, कारण ती बूट कुठून करायचे हे न ठरवता फ्लॅश मेमरीला किती व्होल्ट द्यायचे हे ठरवते : खाली असेल तर ३.३ आणि वर असेल तर १.८. बहुतेक मॉड्यूलमधली फ्लॅश ३.३ व्होल्टची असते. आता एसडी कार्ड चार डेटा तारांनी जोडायचे झाले, तर त्याची डॅट२ तार नेमकी याच पिनेवर येते आणि कार्डाच्या नियमाप्रमाणे तिला १० किलोओहमचा पुल-अप लागतो. चिपच्या आतला पुल-डाउन साधारण ४५ किलोओहमचा, म्हणजे दुबळा आहे. दोहोंच्या ओढाताणीत पिनेवर २.७ व्होल्ट उरतात, तर ‘वर’ मानण्याची मर्यादा सुमारे २.४८ व्होल्ट आहे. सर्किट नियमानुसार निर्दोष असूनही फ्लॅशला अपुरे व्होल्ट मिळतात आणि सिरियल मॉनिटरवर पुढील ओळी पुन्हापुन्हा उमटतात :

```
rst:0x10 (RTCWDT_RTC_RESET),boot:0x33 (SPI_FAST_FLASH_BOOT)
flash read err, 1000
```

यातला `0x33` हा आकडा वाचता आला की निदान होते. नेहमीच्या बोर्डावर तिथे `0x13` दिसतो, आणि दोहोंतला `0x20` चा फरक म्हणजेच वर राहिलेली जीपीआयओ १२. ती तार काढून बोर्ड पुन्हा सुरू केला आणि तो चालला, तर शंका उरत नाही.

उपाय दोन आहेत. कार्ड एकाच डेटा तारेने चालवले तर ही पिन मोकळी राहते, फक्त वेग कमी होतो. चारही तारा हव्याच असतील, तर चिपमधले ईफ्यूज कायमचे जाळून व्होल्टेज ठरवून टाकता येते आणि त्यानंतर चिप त्या पिनेकडे पाहतच नाही :

```
espefuse.py --port COM4 set_flash_voltage 3.3V
```

ही आज्ञा मागे घेता येत नाही. त्यामुळे मॉड्यूलमधली फ्लॅश १.८ व्होल्टची नाही, याची खात्री करूनच ती द्यावी, आणि शक्य असेल तिथे मी स्वतः एका तारेचा मार्गच सुचवीन.

नंतरच्या ईएसपी३२-सी३ मध्ये फ्लॅशचे व्होल्टेज ठरवणारी स्ट्रॅपिंग पिनच उरली नाही. ईएसपी३२-एस३ मध्ये ते काम जीपीआयओ ४५ कडे गेले, आणि जुना आराखडा त्या चिपवर नेताना पुल-अप कुठे पडतो हे नव्याने तपासावे लागते.